ऐनवेळी बैठक पुढे ढकलायची असेल तर: आधी कोणाला, काय आणि कोणत्या शब्दांत कळवावे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ग्राहकांशी समन्वयाचे काम पाहतो. आमचे बहुतेक ग्राहक महापे, रबाळे आणि तुर्भे भागात आहेत आणि त्यांच्याबरोबरच्या बैठका त्यांच्याच कारखान्यात होतात. त्या ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे, तसे त्या अगदी शेवटच्या तासांत हलवण्याचेही. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी जे सांगतो, ते येथे क्रमाने मांडतो. बैठक हलवण्याची गरज आपल्याकडून निर्माण झाली आहे आणि हातात तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ नाही, एवढ्याच परिस्थितीपुरता हा लेख आहे. दोन दिवस आधी कळवणे सोपे असते. त्यासाठी एक नीट लिहिलेली ईमेल पुरते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. गुरुवारी सकाळी साडेअकराला महाप्याच्या एका कंपनीत बैठक ठरली आहे. नव्या खोक्याची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे दाब सोसण्याची ताकद, प्रयोगशाळेच्या अहवालात पाहून खोके मंजूर करायचे, हा बैठकीचा एकमेव विषय आहे. बैठकीला कंपनीच्या खरेदीप्रमुख मॅडम, त्यांचे गुणवत्ता अधिकारी आणि आमच्यासाठी डाय बनवणारे डोंबिवलीचे काका येणार आहेत. गुरुवारी सकाळी पावणेनऊला प्रयोगशाळेचा फोन येतो: नमुने चाचणीपूर्वी ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत काही तास ठेवावे लागतात, ते काम उशिरा सुरू झाले, त्यामुळे अहवाल संध्याकाळपर्यंत मिळेल.

सुरुवातीला हाताशी काय असावे

फोन उचलण्यापूर्वी पुढील गोष्टी समोर ठेवाव्यात. त्या जमवायला पाच-सात मिनिटे लागतात, पण त्यांच्याविना केलेला फोन अर्धवट राहतो आणि पुन्हा करावा लागतो.

- बैठकीचे मूळ निमंत्रण किंवा ज्या ईमेलमध्ये वेळ ठरली ती ईमेल
- येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक, आणि कंपनीचा बोर्ड लाइनचा क्रमांक
- आपल्या बाजूच्या सगळ्यांचे पुढील तीन दिवसांचे वेळापत्रक, साहेबांच्या वेळेसह
- अडचण कधी सुटेल याविषयी संबंधिताकडून मिळालेली नेमकी वेळ (येथे प्रयोगशाळेने सांगितलेली वेळ)
- गेट पास आपल्या नावाने आधीच काढला गेला असेल तर त्याचा तपशील

१. बैठक हलवणे खरोखर आवश्यक आहे का, हे ठरवा

पहिला प्रश्न असा विचारावा: ज्या निर्णयासाठी लोक जमणार आहेत, तो निर्णय आज, आहे त्या साहित्यावर घेता येईल का? येत असेल तर बैठक हलवू नये. आपल्याला स्वतःला जाणे शक्य नसेल तर सहकाऱ्याला पाठवता येते. वीस मिनिटांचा उशीर होणार असेल तर तेवढेच कळवून उशिरा सुरुवात करता येते. केवळ चर्चा असेल तर व्हिडिओ कॉलवर भागते. यांपैकी काही जमत असेल तर समोरच्याचा दिवस मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या उदाहरणात तसे जमत नाही. मॅडमनी पूर्वीच स्पष्ट केले आहे की अहवाल पाहिल्याशिवाय दराविषयी बोलणार नाही. म्हणजे साडेअकराला सगळे जमले तरी चहा घेऊन उठावे लागेल. अशा वेळी ‘आता ठरले आहे तर जाऊन येऊ’ असा विचार करणे हा सभ्यपणा नव्हे. त्यात तिघांचा अर्धा दिवस जातो.

हा निर्णय आपल्या साहेबांना विचारूनच घ्यावा, पण त्यासाठी त्यांच्या ऑफिसात येण्याची वाट पाहू नये. ‘अहवाल संध्याकाळी येणार आहे, महाप्याची बैठक हलवावी लागेल, उद्या दुपारनंतर आपण मोकळे आहात का?’ एवढा एक फोन पुरेसा असतो.

२. खरी मुदत बैठकीची नसते, लोक घरातून निघण्याची असते

नवीन माणूस हमखास चुकतो ते येथे. त्याला वाटते, बैठक साडेअकराला आहे, आता नऊ वाजलेत, म्हणजे अडीच तास आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या बाबतीत ही मुदत वेगळी असते, आणि ती मोजण्यासाठी तो माणूस कुठून कसा येतो हे माहीत असावे लागते.

डोंबिवलीचे काका लोकलने ठाण्याला उतरतात, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर येतात, पनवेल किंवा वाशीची गाडी धरून कोपरखैरण्याला उतरतात आणि तिथून रिक्षाने महाप्याला जातात. बदलण्याचा वेळ, रिक्षाची रांग आणि गेटवरची नोंद धरली तर साडेअकराला पोहोचण्यासाठी त्यांना पावणेदहाच्या आसपास घर सोडावे लागते. म्हणजे त्यांच्यासाठी आपल्याकडे पाऊण तास आहे. मॅडम आणि गुणवत्ता अधिकारी मात्र त्याच इमारतीत काम करतात. त्यांना प्रवास करायचा नाही. त्यांची मुदत थोडी लांब आहे, पण ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे: साडेनऊला कामावर आल्यावर त्या दिवसाची आखणी करतात, आणि त्याआधी निरोप मिळाला तर सुटलेला तास त्यांना दुसऱ्या कामाला लावता येतो.

कागदावर तीन नावे लिहून प्रत्येकापुढे ‘निघण्याची वेळ’ लिहावी. फोन कोणत्या क्रमाने करायचे, हे त्या रकान्यावरून आपोआप ठरते.

३. ‘थांबा’ सांगणारा फोन आणि ‘ठरवणारा’ फोन वेगळे ठेवा

आता एक पेच येतो. निघण्याच्या वेळेप्रमाणे पहिला फोन काकांना केला पाहिजे. परंतु बैठक ग्राहकाच्या कारखान्यात आहे; यजमान मॅडम आहेत. त्यांच्याशी बोलण्याआधी बैठक रद्द झाल्याचे इतरांना सांगणे बरे दिसत नाही, आणि कदाचित त्या म्हणतील की ‘अहवाल नसला तरी या, मला दुसरे काही बोलायचे आहे.’

याचा मार्ग सोपा आहे. काकांना फोन करून फक्त थांबायला सांगावे:

‘काका, नमस्कार. आजच्या महाप्याच्या बैठकीत थोडा बदल होण्याची शक्यता आहे. कृपा करून पंधरा मिनिटे घरीच थांबा, मी मॅडमशी बोलून लगेच तुम्हाला फोन करतो. निघाला नाहीत ना अजून?’

हा शेवटचा प्रश्न विसरू नये. काही लोक ठाण्यात दुसरे काम आटोपून पुढे जाणार असतात आणि केव्हाच निघालेले असतात. पंधरा मिनिटे म्हटले असेल तर पंधराव्या मिनिटाला फोन झालाच पाहिजे, ठरले नसले तरी. ‘मॅडमचा फोन अजून लागला नाही, आणखी दहा मिनिटे थांबा’ एवढे सांगायलाही फोन करावा.

या टप्प्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही टाकू नये. ग्रुपवर ‘आजची बैठक पुढे ढकलली आहे’ असे टाकले की गुणवत्ता अधिकाऱ्यांना ते मॅडमच्या आधी कळते, ते मॅडमना जाऊन विचारतात आणि स्वतःच्याच कार्यालयातील बैठकीची बातमी मॅडमना आपल्या हाताखालच्या माणसाकडून समजते. पुढे कितीही नम्र ईमेल लिहिली तरी हा अवमान भरून निघत नाही.

४. यजमानाशी बोला, आणि कारण एकाच वाक्यात सांगा

हा फोनच असावा, संदेश नव्हे. सकाळच्या वेळी संदेश डिलिव्हर झाला म्हणजे वाचला गेला असे नाही, आणि निळ्या खुणा दिसण्याची सोय अनेकांनी बंद ठेवलेली असते. मोबाइल दोनदा उचलला नाही तर बोर्ड लाइनवरून त्यांच्या विभागात निरोप द्यावा आणि निरोप घेणाऱ्याचे नाव विचारून ठेवावे.

बोलण्याचा क्रम असा ठेवावा: बदल काय आहे, कारण काय आहे, क्षमायाचना, आणि पुढची वेळ. बरेच जण कारणापासून सुरुवात करून दोन मिनिटे प्रयोगशाळेची हकिकत सांगत राहतात, आणि समोरच्याला मात्र तोवर एकच कळायचे असते की ‘तुम्ही येताय की नाही.’

‘मॅडम, नमस्कार. आज साडेअकराची बैठक आम्हाला पुढे घ्यावी लागेल, त्यासाठी फोन केला. नमुन्यांची चाचणी प्रयोगशाळेत उशिरा सुरू झाल्यामुळे अहवाल आज संध्याकाळी सहापर्यंत मिळणार आहे. आपल्याला ऐनवेळी कळवावे लागत आहे याबद्दल मनापासून क्षमस्व. उद्या दुपारी चारला किंवा शनिवारी सकाळी अकराला आपल्याला सोयीचे होईल का?’

कारणाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण विश्वास येथेच टिकतो किंवा जातो. कारण खरे, एकच आणि थोडक्यात असावे. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द नाट्यगृहाच्या दारावरच्या फलकाला ठीक आहेत. आठवड्यातून दोनदा बोलणाऱ्या ग्राहकाला ते सांगितले की काहीतरी लपवले जात आहे असा समज होतो. घरातील आजारपण असेल तर ‘घरी वैद्यकीय अडचण आली आहे’ एवढे पुरते. तपशील देणे बंधनकारक नाही आणि सहसा कोणी विचारतही नाही. दोन-तीन कारणे एकत्र सांगू नयेत. जितकी अधिक कारणे, तितकी प्रत्येकाची खात्री कमी होते.

घोडबंदर रोडच्या किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या कोंडीवर बोट ठेवू नये. कोंडीमुळे माणूस उशिरा पोहोचतो. कोंडीमुळे बैठक दुसऱ्या दिवशी जात नाही, आणि समोरचा माणूसही त्याच रस्त्याने आलेला असतो. तसेच चूक प्रयोगशाळेची असली तरी ‘त्यांनी आम्हाला फसवले’ अशी तक्रार ग्राहकापुढे करू नये. प्रयोगशाळा आपण निवडलेली आहे. मॅडमच्या दृष्टीने उशीर आपलाच आहे.

एखाद्या मोठ्या ग्राहकाने त्याच वेळी बोलावले म्हणून बैठक हलवायची असेल तर सर्वांत अवघड जाते. खोटे आजारपण सांगू नये. ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत लोक एकमेकांना ओळखतात आणि आपली गाडी दुसऱ्या गेटवर दिसल्याचे संध्याकाळपर्यंत कळते. ‘त्याच वेळी एक काम आले आहे, ते मला टाळता येत नाही’ असे म्हणावे आणि कोणते ते सांगू नये. हे ऐकून समोरच्याला थोडे वाईट वाटेल, पण तेवढे सोसावे लागते.

५. नवी वेळ देताना अडचण सुटण्याच्या वेळेत मोकळी जागा ठेवा

मॅडम साहजिकच विचारतील, ‘उद्यापर्यंत अहवाल नक्की येईल ना?’ येथे ‘हो, शंभर टक्के’ म्हणण्याचा मोह होतो. त्याऐवजी जे माहीत आहे ते सांगावे: ‘प्रयोगशाळेने सहाची वेळ दिली आहे. सातपर्यंत अहवाल हाती आला नाही तर मी आजच आपल्याला फोन करतो.’

म्हणूनच मी शुक्रवारी सकाळची वेळ सुचवत नाही. अहवाल संध्याकाळी सहाला येणार असेल तर तो वाचून, आकडे पाहून, आवश्यक तर मॅडमना आधी पाठवून मग भेटायचे असते. सहाचे नऊ वाजले तरी चारची बैठक सुरक्षित राहते. सकाळी दहाची राहत नाही. ढकललेली बैठक पुन्हा ढकलावी लागणे, हे पहिल्यांदा ढकलण्यापेक्षा फार वाईट.

पर्याय दोन द्यावेत, फार तर तीन. ‘तुम्हाला सोयीचे असेल तेव्हा’ असे म्हटले तर सौजन्य वाटते, पण त्यामुळे वेळ शोधण्याचे आपले काम आपण त्यांच्यावर टाकतो. पर्याय देण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. काही कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून दुसऱ्या वारी असते. हिशेब विभागातील कोणी बैठकीला हवे असेल तर दर महिन्याची ११ आणि २० तारीख टाळावी, कारण दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यवसायांना जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांची मुदत त्या दिवशी असते. महिनाअखेरीचे दोन दिवस माल पाठवण्याच्या घाईचे असतात. त्या दिवशी गुणवत्ता विभागातील माणूस बैठकीत अंगाने असतो, मनाने लोडिंगच्या जागी.

आपल्या उदाहरणात मॅडम शुक्रवारी चारला तयार होतात. फोन ठेवण्यापूर्वी ठरलेली वेळ वारासह उच्चारून घ्यावी आणि गुणवत्ता अधिकाऱ्यांना त्या सांगतील की आपण सांगावे, हे विचारावे. त्यानंतर लगेच काकांना दुसरा फोन. त्यांना शुक्रवारी जमत नसेल तर त्यांच्याशिवाय भागते का ते पाहावे. डायविषयीचे प्रश्न ते फोनवर सांगू शकत असतील तर केवळ त्यांच्यासाठी मॅडमना तिसऱ्यांदा विचारू नये.

६. त्यानंतर लेखी कळवा

फोनवर सगळे ठरले तरी अर्ध्या तासाच्या आत ईमेल गेली पाहिजे. मूळ ईमेलला उत्तर म्हणूनच ती पाठवावी, म्हणजे जुने संदर्भ एकत्र राहतात. विषयाच्या ओळीत नवी वेळ असावी. मजकूर असा:

> विषय: बैठकीच्या वेळेत बदल: शुक्रवार, दुपारी ४ (आज सकाळी ११:३० ऐवजी)
>
> महोदया,
>
> आताच दूरध्वनीवर बोलल्याप्रमाणे आजची बैठक उद्या, शुक्रवारी दुपारी ४ वाजता आपल्या महापे येथील कार्यालयात होईल. चाचणी अहवाल आज संध्याकाळी मिळणार असल्याने हा बदल करावा लागला. अहवाल मिळताच तो आपल्याला व गुणवत्ता विभागाला ईमेलने पाठवतो, म्हणजे तो बैठकीपूर्वी पाहता येईल.
>
> ऐनवेळी झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

क्षमायाचना एकदाच केली आहे हे लक्षात घ्यावे. तीन-तीनदा माफी मागितली की समोरच्याला आपली समजूत काढत बसावे लागते. तसेच त्यांचा होकार येण्यापूर्वी ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ लिहू नये. त्यातून होकार गृहीत धरल्याचा सूर निघतो.

७. कॅलेंडर, गेट आणि खोली

निमंत्रण आपण पाठवले असेल तर जुनी नोंद पुसून नवी करू नये. त्याच नोंदीत दिवस आणि वेळ बदलावी, म्हणजे जोडलेली कागदपत्रे आणि व्हिडिओ कॉलची लिंक टिकून राहते. गूगल कॅलेंडर बदल जतन करताना पाहुण्यांना कळवायचे का, असे विचारते. तेथे `Send` निवडावे. आउटलुकमध्ये `Send Update` दाबल्याशिवाय बदल कोणालाही कळत नाही. निमंत्रण त्यांनी पाठवले असेल तर आपल्या कॅलेंडरमधील नोंद सरकवून उपयोग नाही. तेथे `Propose a new time` वापरावे, किंवा मॅडमनाच बदल करण्याची विनंती करावी.

गेटकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मोठ्या कंपन्यांत पाहुण्यांचा पास तारखेनिशी आधी काढलेला असतो, त्यावर गाडीचा क्रमांक आणि कधीकधी लॅपटॉपचा अनुक्रमांकही असतो. गुरुवारचा पास शुक्रवारी चालत नाही. तो पुन्हा काढण्याचे काम त्यांच्या कार्यालयातील कोणाला तरी करावे लागते, म्हणून त्या व्यक्तीला आपणहून सगळी नावे आणि क्रमांक पुन्हा पाठवावेत, ‘मागचेच आहेत’ असे म्हणून मोकळे होऊ नये. कॉन्फरन्स रूम शुक्रवारी चारला मिळते का, हेही त्याच व्यक्तीला विचारावे.

८. कोणी आधीच निघाले किंवा पोहोचले असेल तर

काका ठाणे स्टेशनात असताना फोन लागला, तर परत जाणे त्यांना शक्य आहे. प्रथम त्यांचे ऐकून घ्यावे, मग विचारावे की वागळे इस्टेटला येऊन डायचे काम आजच पाहून घेणे त्यांना उपयोगी पडेल का. पडत असेल तर त्यांची फेरी वाया जात नाही. नसेल तर आग्रह करू नये.

ते महाप्याच्या गेटपर्यंत पोहोचले असतील तर मात्र माफीपुरते थांबू नये. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई असते. येण्याजाण्याचा खर्च आणि व्हिजिट चार्ज आपण द्यावा, आणि तो त्यांनी मागण्यापूर्वी साहेबांची मंजुरी घेऊन ठेवावी. ‘पुढच्या बिलात लावा’ असे तोंडी सांगून सोडू नये, कारण असे बोलणे पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही; त्याच दिवशी एका ओळीत लिहून कळवावे.

समोरचा माणूस चिडला तर त्याला बोलू द्यावे. मधेच कारण पुन्हा समजावून सांगू नये, कारण ते त्याने ऐकलेले असते. त्याचे बोलणे संपल्यावर ‘आपले बरोबर आहे, आपला वेळ गेला’ एवढे म्हणून थेट पुढच्या वेळेवर यावे.

९. नव्या वेळेपर्यंतची कामे

गुरुवारी संध्याकाळी अहवाल आला की तो तसाच पुढे पाठवू नये. बर्स्टिंग स्ट्रेंग्थचा आकडा मागणीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. तो कमी भरला असेल तर मॅडमना त्याच संध्याकाळी फोन करून सांगावे आणि बैठक घ्यायची का, हे त्यांच्यावर सोपवावे. अहवाल सातपर्यंत आला नाही, तर सकाळी दिलेल्या शब्दाप्रमाणे फोन करावा. देण्यासारखी बातमी नसली तरीही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास सर्वांना एक छोटा संदेश पाठवावा: ‘आज दुपारी ४, महापे. अहवाल काल पाठवला आहे. आम्ही पावणेचारपर्यंत गेटवर पोहोचतो.’ वागळे इस्टेटहून निघताना ऐरोलीपर्यंतच्या गर्दीचा अंदाज घेऊन नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघावे, अहवालाच्या तीन छापील प्रती बरोबर घ्याव्यात आणि बैठक सुरू होताना कालच्या बदलाचा उल्लेख एका वाक्यात करून सरळ अहवालाचे पहिले पान उघडावे.